कॅपचा आडवा आला, तर कामाचीच मांडणी बदला

जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या बहुतेक ऑफिसांत संध्याकाळी एक काम ठरलेले असते. कारकून किंवा ज्युनिअर वकील संगणकापुढे बसतो, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एकेक खटला उघडतो आणि पुढची तारीख डायरीत उतरवून घेतो. प्रत्येक खटल्यागणिक एक लहान चौकट समोर येते. तिच्यातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून टाइप केल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. हा कॅपचा. समजा, ऑफिसात २०० खटले चालू आहेत आणि एका खटल्याला अर्धे मिनिट लागते. म्हणजे रोजची १०० मिनिटे यातच जातात. मग कोणीतरी सुचवते, ‘ही अक्षरे ओळखणारा एखादा प्रोग्राम बसवून टाकू या.’

ही सूचना मोहात पाडणारी आहे, कारण असा प्रोग्राम खरोखर लिहिता येतो. तरीही तो लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भीती किंवा सोवळेपणा हे त्याचे कारण नाही. तो प्रोग्राम चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधतो, आणि जिथे चूक अजिबात परवडत नाही तिथे कोणाच्या लक्षात न येता चुकतो.

कॅपचा कशासाठी बसवलेला असतो, ते आधी पाहू. १९९७च्या सुमाराला अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनाला एका उपद्रवाने ग्रासले होते. काही जण प्रोग्राम लावून हजारो संकेतस्थळांचे पत्ते त्यांच्या यादीत घुसडत होते. त्यांना रोखण्यासाठी वाकडी अक्षरे दाखवायची युक्ती निघाली. २००३ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातले लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम, निकोलस हॉपर आणि त्यांचे सहकारी जॉन लँगफर्ड यांनी ती कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. माणसाला सहज जमेल, पण संगणकाला जमणार नाही, असे कोडे घालायचे, हे तिचे सार होते. पुढे संगणकाची नजर सुधारत गेली. २०१४ मध्ये गुगलनेच जाहीर केले की आपला प्रोग्राम सर्वांत अवघड वाकडी अक्षरेही ९९.८ टक्के अचूक वाचतो. दुसरीकडे, पैसे घेऊन माणसांकडून कॅपचा सोडवून देणारा धंदाही उभा राहिला होता. अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये त्याचा अभ्यास केला, तेव्हा हजार कॅपचांचा दर साधारण एका डॉलरपर्यंत खाली आलेला दिसला.

कोडे सुटते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कॅपचा गेला नाही. कारण त्याचे काम बदलले आहे. आज तो रस्त्यावरच्या गतिरोधकासारखा आहे. एकट्या माणसाचे तो चार-दहा सेकंद घेतो, पण लाखो पाने उपसायला निघालेल्याला तीच सेकंदे जड जातात. गुगलच्या नव्या पद्धतीत तर पुष्कळदा कोडे दिसतही नाही. पानावरची तुमची हालचाल आणि तुमचा ब्राउझर यांवरून शून्य ते एक यांमधला गुण ठरतो, आणि पुढे काय करायचे ते संकेतस्थळाचा मालक ठरवतो. थोडक्यात, कॅपचा दिसला की मालक सांगत असतो, ‘या दारातून एकेकाने, माणसाच्या चालीने यावे.’

तुम्ही साधे वापरकर्ते असाल, तर तो सोडवणे हाच सरळ मार्ग आहे. मात्र तो वारंवार येत असेल, किंवा बरोबर अक्षरे टाकूनही ‘चूक’ म्हणत असेल, तर त्यामागे काही नेहमीची कारणे असतात. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच इंटरनेट पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे शेजाऱ्याने केलेल्या धुडगुसाचा संशय तुमच्यावर येऊ शकतो. व्हीपीएन चालू असेल तर हेच अधिक घडते. कुकी बंद असतील, तर सोडवलेला कॅपचा संकेतस्थळाच्या लक्षातच राहत नाही. ई-कोर्ट्ससारख्या अक्षरांच्या कॅपचात आणखी एक खोच असते. असे संकेतस्थळ बहुधा तुमच्या नावे एका वेळी एकच उत्तर जपून ठेवते. तुम्ही दुसऱ्या टॅबमध्ये तेच पान उघडले की तिथे नवे चित्र येते आणि पहिल्या टॅबमधले चित्र निरुपयोगी होते, मात्र डोळ्यांना ते अजून ताजेच दिसते. घाईने चार टॅब उघडणाऱ्या कारकुनाला ‘चूक’ हा शेरा सतत का मिळतो, याचे उत्तर बरेचदा इथे सापडते. एकच टॅब ठेवावा. चित्र वाचता येत नसेल तर शेजारचे नवे चित्र मागण्याचे बटण दाबावे, आणि नजर अधू असेल तर ध्वनीचे बटण आहे का ते पाहावे.

एक प्रकार मात्र सोडवायचा नाही, ते पान तिथल्या तिथे बंद करायचे. २०२४पासून खोट्या कॅपचांची एक फसवणूक जगभर पसरली आहे. ‘मी रोबो नाही’ अशी ओळखीची चौकट दिसते. तिच्यावर क्लिक केले की सूचना येते: विंडोजची कळ आणि R एकदम दाबा, मग Ctrl आणि V दाबा, मग Enter. तुम्ही क्लिक केले तेव्हाच त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. या तीन पायऱ्यांनी ती तुमच्या हातूनच संगणकावर चालवली जाते, आणि साठवलेले पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत शिरतो. खरा कॅपचा ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. कोणी ही चूक करून बसले असेल, तर त्या संगणकाचे इंटरनेट लगेच तोडावे, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत आणि पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

आता वकिलाच्या ऑफिसाकडे येऊ. अक्षरे ओळखणारा प्रोग्राम बसवला आणि तो ९७ टक्के वेळा बरोबर ठरला असे धरू. २०० खटल्यांत सहा वेळा तो चुकणार. चुकल्यावर पान बंद पडत नाही, ते व्यवस्थित उघडते, फक्त एका कोपऱ्यात ‘कॅपचा चुकला’ अशी ओळ असते. प्रोग्राम पुढच्या तारखेचा रकाना शोधतो, त्याला तो सापडत नाही, आणि डायरीतली जागा रिकामी राहते. पण खटला निकाली निघाला असेल तरी जागा रिकामीच राहते, आणि न्यायालयाने तारीख अजून चढवली नसेल तरीही रिकामीच. तीन अगदी वेगळ्या गोष्टी डायरीत सारख्या दिसू लागतात. घाईत लिहिलेला प्रोग्राम तर नवी तारीख मिळाली नाही म्हणून जुनीच तशी ठेवतो. चांगला प्रोग्राम पुन्हा प्रयत्न करील हे खरे, पण संकेतस्थळाने चित्राची पद्धत किंवा पानाची रचना बदलली की तोही असाच मूकपणे चुकू लागतो, आणि असे बदल कोणी तुम्हाला आधी कळवत नाही.

या चुकीची किंमत पक्षकार मोजतो. दिवाणी दाव्यात पुकारा झाला, प्रतिवादी हजर आहे आणि वादीकडून कोणीच नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ प्रमाणे दावा गैरहजेरीत फेटाळला जाऊ शकतो. प्रतिवादी गैरहजर असेल तर त्याच्याविरुद्ध एकतर्फी कामकाज सुरू होते. फेटाळलेला दावा पुन्हा दाखल्यावर घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि गैरहजेरीचे पुरेसे कारण न्यायालयाला पटवावे लागते. ‘आमच्या प्रोग्रामला अक्षरे वाचता आली नाहीत’ हे कारण कोणता वकील लेखी देईल?

कायद्याचा प्रश्नही आहेच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३मध्ये, संगणक यंत्रणेच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय तिच्यात प्रवेश करणे किंवा तिच्यातली माहिती उतरवून घेणे येते. तेच लबाडीने किंवा फसवणुकीने केले तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. स्वतःच्याच खटल्याची तारीख पाहण्याला हे लागू पडते का, यावर वाद घालता येईल. पण प्रोग्रामने कॅपचा चुकवून ती पाहिली, तर त्या वादात वकिलाने स्वतःहून जाऊन का बसावे?

म्हणून प्रश्न बदलायचा. ‘२०० खटल्यांची पाने रोज कशी उघडू?’ हे विचारणे सोडून ‘मला नेमके काय कळायला हवे आहे?’ असे विचारायचे. उत्तर दोन गोष्टींत संपते: आज ज्या खटल्यांत कामकाज झाले त्यांची पुढची तारीख कोणती, आणि उद्याच्या बोर्डावर आपले कोणते खटले आहेत.

पहिली गोष्ट घ्या. पुढची तारीख ठरते ती सुनावणीच्या दिवशी. १० तारखेला सुनावणी झाली आणि पुढची तारीख महिन्याने पडली, तर मधल्या दिवसांत ते पान साधारणपणे जसेच्या तसे राहते. ते रोज उघडून पाहण्यात काहीच हाती लागत नाही. एका खटल्याची पाळी सरासरी ४० दिवसांनी येते असे धरले, तर २०० खटल्यांपैकी दिवसाला पाचच खटल्यांत काही घडते. न्यायालयाच्या सुट्ट्या वजा केल्या तर कामाच्या दिवशी सात धरू. सात खटल्यांना साडेतीन मिनिटे लागतात, आणि ती माणसाने कॅपचा वाचत घालवली तरी कोणाची तक्रार असायचे कारण नाही. शंभर मिनिटांचे काम इथपर्यंत खाली आले, तेही कॅपचाला हात न लावता.

त्यासाठी लागते ती एक साधी तक्ता-फाइल, एक्सेलची किंवा गुगल शीट्सची. रकाने असे ठेवा: A मध्ये सीएनआर नंबर, B मध्ये पक्षकार, C मध्ये न्यायालय, D मध्ये मागची तारीख, E मध्ये पुढची तारीख, F मध्ये शेवटचे केव्हा पाहिले, G मध्ये स्थिती. सीएनआर हा प्रत्येक खटल्याचा सोळा अक्षर-अंकी कायमचा क्रमांक, MHAU019999992015 अशा धाटणीचा. त्यातच राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रमांक आणि वर्ष दडलेले असते. दुसऱ्या पानावर हे एक सूत्र टाकले की आज पाहायच्या खटल्यांची यादी आपोआप तयार होते:

```
=FILTER(Sheet1!A2:G201, Sheet1!E2:E201<=TODAY())
```

म्हणजे ज्यांची पुढची तारीख आज आहे किंवा उलटून गेली आहे, तेवढेच खटले दाखव. या सूत्रातली मला आवडणारी गोष्ट अशी की E मधली जागा रिकामी असेल तर तो खटलाही यादीत येतो, कारण रिकाम्या जागेला ते शून्य समजते. विसरलेली नोंद लपत नाही, रोज समोर येत राहते. निकाली खटले मात्र वेगळ्या पानावर हलवावे लागतात, नाहीतर यादी त्यांनीच भरून जाईल. एक धोका नीट लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे तारीख टिंबे देऊन लिहायची सवय आहे. अशी लिहिलेली तारीख पुष्कळदा तारीख म्हणून नोंदली न जाता साधा मजकूर म्हणून बसते. तसे झाले की तो खटला या यादीत कधीच येत नाही, आणि तशी कोणतीही चूक दाखवली जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला सरकते, मजकूर डाव्या कडेला राहतो. E रकाना वरून खाली एकदा नजरेखालून घातला की डावीकडे चिकटलेल्या तारखा लगेच दिसतात.

G रकान्यात चारच शब्दप्रयोग चालू द्यावेत: ‘तारीख मिळाली’, ‘अजून चढवली नाही’, ‘निकाली’ आणि ‘पाहता आले नाही’. शेवटच्या दोहोंतला फरक हाच प्रोग्रामला कळत नव्हता. संकेतस्थळ बंद होते म्हणून पाहता आले नाही, असे कारकून लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो खटला पहिला पाहतो.

दुसरी गोष्ट उद्याच्या बोर्डाची. ई-कोर्ट्सवर वकिलानुसार शोधण्याच्या भागात नाव आणि सनद नंबर यांच्या जोडीला तारखेनुसार खटल्यांची यादी मागण्याची सोय आहे. आपला सनद नंबर आणि उद्याची तारीख द्यायची, एक कॅपचा सोडवायचा, आणि त्या न्यायालय-संकुलातले आपले उद्याचे सगळे खटले एकत्र दिसतात. एक संकुल, एक कॅपचा. ही यादी आपल्या तक्त्याशी ताडून पाहायची. यादीत आहे पण तक्त्यात उद्याची तारीख नाही, असा खटला निघाला, तर बहुधा तारीख अलीकडे घेतली गेली आहे किंवा आपली नोंद चुकली आहे. उलट, तक्त्यात आहे आणि यादीत नाही, तर न्यायाधीशांच्या रजेमुळे तारीख पुढे गेली असेल किंवा खटला दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग झाला असेल. न जुळणारे असे एक-दोनच खटले सीएनआर टाकून उघडावे लागतात. मधल्या काळात पानावर काही बदलले तर ते याच ताळ्यात सापडते. पहिल्या पद्धतीत राहिलेली फट यामुळे बुजते.

या सोयीलाही मर्यादा आहे. वकीलपत्रातला सनद नंबर न्यायालयाच्या नोंदीत नीट चढलेला असेल तरच खटला तुमच्या नावावर दिसतो. जुन्या खटल्यांत तो नसतो, किंवा नाव तीन प्रकारे लिहिलेले असते. हे ओळखण्यासाठी एकदा सनद नंबरने सगळे चालू खटले शोधावेत आणि तो आकडा ऑफिसच्या रजिस्टरशी ताडावा. रजिस्टरमध्ये २०० आणि पडद्यावर १७० असतील, तर उरलेले ३० कोणते ते शोधून न्यायालयाच्या कार्यालयात दुरुस्तीसाठी द्यावेत. दुरुस्ती होईपर्यंत त्या तीसांची पाने तारखेच्या आदल्या दिवशी हाताने उघडावीत. तारीख चढवायलाही वेळ लागू शकतो, त्यामुळे संध्याकाळी न दिसलेली तारीख दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायालयात जाण्याआधी पुन्हा पाहिलेली बरी.

पक्षकाराला तर एवढेही करावे लागत नाही. आपला सीएनआर नंबर माहीत असेल तर 9766899899 या क्रमांकावर असा एसएमएस पाठवला की खटल्याची स्थिती परत येते:

```
ECOURTS MHAU019999992015
```

इथे नमुन्याच्या जागी स्वतःचा सीएनआर टाकायचा. ई-कोर्ट्सचे मोबाइल ॲपही आहे. त्यात खटले एकदा ‘माय केसेस’मध्ये साठवले की पुन्हा शोधत बसावे लागत नाही. ही यादी त्या फोनवरच राहते, म्हणून फोन बदलण्याआधी ॲपमधूनच तिची प्रत बाहेर काढून ठेवावी. दाखल करतानाच मोबाइल आणि ईमेल अचूक नोंदवले तर सूचना न मागताही येतात. ही सगळी दारे न्यायालयाने स्वतः उघडून ठेवलेली आहेत. कॅपचा फोडायला निघालेल्या माणसाचे त्यांच्याकडे लक्षच जात नाही, कारण त्याची नजर त्या वाकड्या अक्षरांवर खिळलेली असते.

बँक, महापालिका किंवा विमा कंपनी यांचे तीन-तीन हजार खटले असतात, तिथे काय? तिथेही आधी हीच वजाबाकी करायची. ३,००० भागिले ४० म्हणजे रोज सुमारे ७५ खटले. एका माणसाची ती जवळपास चाळीस मिनिटे झाली, आणि रजेवर गेलेल्या कारकुनाच्या भरवशावर ते सोडता येत नाही. एवढ्या मोठ्या कामासाठी यंत्रानेच माहिती घेणे योग्य आहे, फक्त ती परवानगी घेऊन घ्यायची. केंद्र आणि राज्य सरकारांना व संस्थात्मक पक्षकारांना खटल्यांची माहिती थेट यंत्राकडून यंत्राकडे देणारी ओपन एपीआयची सोय ई-कोर्ट्स प्रकल्पात केलेली आहे. त्या मार्गाने येणाऱ्या माहितीत रकाने ठरलेले असतात, आणि मागणी फसली तर फसल्याचे कळते. तिथे अर्ज करताना सीएनआरची यादी, रोज किती वेळा विचारणार आणि ती माहिती कोणाच्या हाती जाणार हे लिहून द्यावे. ७५चा आकडा आधी काढलेला असला, तर ‘रोज तीन हजार’ मागण्याची वेळच येत नाही.